स्वतंत्र खोलीचा प्रश्न आणि दहा बाय दहाचे उत्तर

तान्ह्या बाळाने रात्री आईवडिलांच्या खोलीत झोपावे की स्वतःच्या स्वतंत्र खोलीत, हा प्रश्न बालसंगोपनाच्या ग्रंथांत ज्या गांभीर्याने चर्चिला जातो, त्यावरून घरोघरी एक खोली रिकामी असून ती केवळ निकालाची वाट पाहत थांबली आहे, असा वाचकाचा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः डोंबिवली, कोथरूड किंवा नाशिक येथील मध्यमवर्गीय सदनिकेत रिकामी खोली हा प्रकार सहसा आढळत नाही. बिल्डरच्या नकाशात जी खोली 'चिल्ड्रन्स बेडरूम' म्हणून गुलाबी रंगात दाखवलेली असते, तिच्यात आजी-आजोबा, इस्त्रीचे टेबल, गेल्या दिवाळीचा आकाशकंदील आणि कोणीतरी परत न्यायला येणार म्हणून तीन वर्षे जपलेली सुटकेस यांची वस्ती बाळाच्या जन्माआधीच झालेली असते. तरीही हा प्रश्न निरर्थक ठरत नाही, कारण खोली कोणाची या वादाच्या आड खरा वाद रात्री कोणी किती जागायचे याचा असतो, आणि तो एका खोलीच्या घरातही तितक्याच हिरिरीने चालतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एकाच खोलीत, परंतु बाळाने स्वतःच्या वेगळ्या पाळण्यात अथवा कॉटवर झोपणे याला 'कक्षसहवास' म्हणता येईल; आईवडिलांच्याच अंथरुणात झोपणे हा 'शय्यासहवास'; आणि बाळ भिंतीपलीकडे असणे ही 'स्वतंत्र कक्षा'ची व्यवस्था होय. वैद्यकीय साहित्यात या तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या मानल्या जातात. मराठी घरात मात्र पहिल्या दोन व्यवस्थांना मिळून 'बाळ आईजवळ झोपतं' असे एकच वाक्य वापरले जाते, आणि त्या 'जवळ'मध्ये कधी दोन फुटांचे अंतर असते, तर कधी दोन बोटांचे. डॉक्टरांनी "बाळ कुठे झोपतं?" असे विचारल्यावर "आमच्याच खोलीत" हे उत्तर दिले जाते, ते खरेही असते, आणि त्यातून काहीही कळत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स'ने, २०१६ साली अशी शिफारस केली की बाळाने निदान पहिले सहा महिने आणि शक्यतो पहिले वर्षभर आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या पृष्ठभागावर झोपावे. २०२२ च्या सुधारित शिफारशीत 'निदान सहा महिने' कायम राहिले आणि वर्षभराचा आग्रह मागे पडला. या शिफारशीमागे 'अर्भकाचा आकस्मिक मृत्यू' ही भीती आहे. एक वर्षाच्या आतील, वरकरणी निरोगी बाळ झोपेत दगावते आणि सखोल तपासणीनंतरही कारण सापडत नाही, तेव्हा ही संज्ञा वापरतात; असे मृत्यू पहिल्या महिन्यानंतर ते चौथ्या महिन्यापर्यंत सर्वाधिक आणि बहुतांशी सहा महिन्यांच्या आत घडतात. १९९० च्या दशकात न्यूझीलंड आणि युरोपात असे मृत्यू घडलेल्या घरांची तुलना न घडलेल्या घरांशी करण्यात आली, आणि ज्या घरांत बाळ वेगळ्या खोलीत एकटे झोपत होते तिथे धोका अधिक असल्याचे आढळले. अशा तुलनेतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, ही मर्यादा तज्ज्ञही मान्य करतात.

कारणाविषयीचा जो तर्क सर्वांत अधिक पटण्याजोगा आहे, तो मात्र झोप या विषयाकडे पाहण्याची दृष्टीच उलटी करतो. निरोगी बाळाचे नाक पांघरुणाने झाकले गेले किंवा त्याच्याभोवती त्याच्याच उच्छ्वासाची हवा साचली, तर ते चुळबुळते, मान फिरवते, जागे होते आणि रडते. या गुणाला 'जागृतिक्षमता' म्हणता येईल. ज्या बाळांमध्ये ही क्षमता काही काळ कमी असते, ती गाढ झोपेत धोक्यात येतात. खोलीतील माणसांचा वावर, खोकला, कूस बदलताना करकरणारा पलंग आणि वडिलांचे घोरणे यांमुळे बाळाची झोप अधूनमधून उथळ होत राहते, आणि हीच उथळ झोप बहुधा त्याचे रक्षण करते. म्हणजे कक्षसहवासाविषयी जी तक्रार केली जाते की त्यात बाळाला स्वस्थ झोप लागत नाही, ती तक्रार नसून त्या व्यवस्थेचे कार्यच असण्याची शक्यता आहे. वडिलांच्या घोरण्याला आरोग्यशास्त्रात मिळालेले हे बहुधा एकमेव प्रमाणपत्र असावे, आणि ते त्यांनी चौकटीत लावण्याआधीच सहा महिन्यांत मुदतबाह्य होते.

घरातील ज्येष्ठांच्या सल्ल्याचा विचारही याच अंगाने करावा लागतो. "पालथं घाल गं त्याला, पोटातला वायू सरतो आणि छान गाढ झोपतं," असे आजी सांगते, तेव्हा तिचे निरीक्षण अचूक असते. पालथे बाळ खरोखरच अधिक गाढ झोपते आणि सहजासहजी जागे होत नाही. नेमक्या त्याच कारणासाठी पालथे झोपवणे धोक्याचे मानले जाते. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील दशकभरात असे आकस्मिक मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आजीचे निरीक्षण आणि डॉक्टरांचा निष्कर्ष यांत तसूभरही विरोध नाही. विरोध आहे तो 'छान' या शब्दाच्या अर्थात. हे मात्र घरात समजावून सांगताना जपावे लागते, कारण सूनबाईने ते सांगितल्यास तो उद्धटपणा ठरतो, मुलाने सांगितल्यास बायकोचे ऐकणे ठरते, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास "त्यांना काय कळतंय, अजून लग्न नाही झालेलं" असा निकाल लागतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने खोलीपेक्षा पृष्ठभाग अधिक महत्त्वाचा आहे, आणि या बाबतीत जुन्या घरांची बाजू काही अंशी बळकट आहे. जमिनीवर अंथरलेली घट्ट कापसाची गादी, जिच्यावरून पडण्याला जागा नाही आणि जिच्यात बाळाचे तोंड रुतत नाही, ती आजच्या मऊशार फोमच्या गादीपेक्षा निश्चितच बरी. त्या गादीवरील गोधड्या, मोहरीची उशी आणि बाळाच्या दोन्ही बाजूंना लावलेले गिरदे यांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. पहिल्या वर्षात बाळाच्या अंथरुणात बाळाखेरीज काहीही नसावे, असा नियम आहे. हा नियम आपल्याकडे अमलात आणणे कठीण जाते, कारण रिकाम्या अंथरुणावर ठेवलेले बाळ पाहून भेटायला आलेल्या प्रत्येक आत्याला ते पोरके वाटते आणि ती जाताना एक दुपटे घालून जाते. सर्वांत धोक्याची जागा मात्र पलंग नसून सोफा आहे. बाळाला पाजता पाजता सोफ्यावर आईचा किंवा बाबाचा डोळा लागला, तर बाळ पाठ आणि उशी यांच्या फटीत घसरते. म्हणूनच झोप अनावर होत असेल तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणे दूर केलेल्या पलंगावर बसून पाजणे कमी धोक्याचे, असे शय्यासहवासाला विरोध करणारे तज्ज्ञही सांगतात. घरात कोणी धूम्रपान करीत असेल, मद्य किंवा गुंगीचे औषध घेतले असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असेल, तर एका अंथरुणात झोपणे पूर्णपणे टाळावे, याविषयी तर दुमत नाही.

आता सोयीचा विचार. त्यासाठी डोंबिवलीतील एक सदनिका कल्पिता येईल, जिच्यातील शयनगृह दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. एका भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट आहे. उरले आठ फूट. पलंग पाच फूट रुंद आहे, उरले तीन. बाळाची कॉट दोन फूट रुंद आहे. उरला एक फूट. या एका फुटातून घरातील माणसे खेकड्याप्रमाणे आडवी चालतात, आणि कपाटाचे दार दीड फुटाचे असल्यामुळे ते पुढील सहा महिने उघडत नाही. कॉट दुसरीकडे हलवावी तर खिडकीखाली ती ठेवता येत नाही, कारण पडद्याची दोरी बाळाच्या गळ्यात अडकू शकते. एसीच्या थेट झोतात ठेवण्यास आजीचा विरोध आहे. आणि पलंग भिंतीला सारावा तर गादी आणि भिंत यांमध्ये नेमकी बाळाच्या डोक्याएवढी फट राहते, जी धोक्याच्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे. परिणामी कॉट कपाटासमोरच राहते आणि वडिलांचे कपडे दिवाणखान्यातील खुर्चीवर स्थलांतरित होतात. वडिलांच्या स्थलांतराची ही पहिली पायरी होय, परंतु त्या वेळी कोणाच्या ते लक्षात येत नाही.

एवढ्या अडचणीच्या मोबदल्यात काय मिळते, हे रात्री सव्वादोनला कळते. भुकेलेले बाळ एकदम रडत नाही. आधी ते डोळे किलकिले करते, जीभ बाहेर काढते, मूठ तोंडाकडे नेते आणि डोके या बाजूचे त्या बाजूला फिरवून काहीतरी शोधते. रडणे ही भुकेची सूचना नव्हे, ते स्मरणपत्र होय. कॉट हाताशी असली तर आई पहिल्याच सूचनेला बाळाला उचलते, अर्धवट झोपेत पाजते, ढेकर काढते आणि परत ठेवते. दिवा लागत नाही, तिसरे माणूस उठत नाही. तेच बाळ भिंतीपलीकडे असेल तर या खाणाखुणा कोणालाच दिसत नाहीत आणि आईपर्यंत पोहोचते ते थेट रडणे. तिथवर जाण्यास लागणारी चौदा पावले काही मोठी नसतात, पण तोवर बाळ संतापलेले असते, आणि संतापलेले बाळ आधी शांत केल्याखेरीज नीट दूध ओढत नाही. मध्येच आजीही उठते, आणि आजी उठली की दिवा लागतो. जे काम वीस-पंचवीस मिनिटांत अंधारात उरकले असते, ते सव्वातीनपर्यंत साऱ्या कुटुंबाचे संमेलन होते.

परंतु जवळीक दोन्ही बाजूंनी कापते. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप 'सक्रिय निद्रा' या प्रकारची असते. या अवस्थेत बाळ कण्हते, कुंथते, हसते, भुवया आकसते, हातपाय झाडते, एखादी किंकाळीही फोडते, आणि या साऱ्या वेळात ते गाढ नसले तरी झोपलेलेच असते. श्वासही एकसारखा नसतो. काही श्वास भराभर, मग काही क्षण विराम, मग पुन्हा भराभर, हे पहिल्या महिन्यांत सामान्य आहे. नव्याने वडील झालेला माणूस तो विराम ऐकून उठतो, बाळाच्या नाकाखाली बोट धरतो, समाधान न झाल्यास मोबाइलचा टॉर्च लावतो, आणि बाळ जिवंत आहे याची खात्री बाळ रडू लागल्यानंतरच त्याला पटते. आईदेखील कुंथण्याला भूक समजून झोपलेल्या बाळाला उचलते, आणि मग ते जागे होते ते तिच्यामुळे. ओळखण्याची खूण सोपी आहे: डोळे मिटलेले असून आवाज एक-दोन मिनिटांत आपोआप विरत असेल तर ती सक्रिय निद्रा, डोळे उघडे असून हालचाल वाढत जात असेल आणि मूठ तोंडाकडे जात असेल तर ती भूक. म्हणून हात कॉटपर्यंत न्यावा, पण लगेच आत घालू नये, एवढे पथ्य पाळले तरी बरीच झोप वाचते. श्वासाचा विराम वीस सेकंदांहून लांबला किंवा ओठ निळसर दिसले, तर मात्र मिनिटे न मोजता रुग्णालय गाठावे.

विश्रांतीच्या बाजूने जो पुरावा सर्वाधिक उद्धृत होतो, तो पेनसिल्व्हेनियातील पहिलटकरणींच्या अभ्यासाचा आहे. तो २०१७ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार महिन्यांपर्यंत वेगळ्या खोलीत गेलेली बाळे नऊ महिन्यांची झाल्यावर, आईवडिलांच्याच खोलीत राहिलेल्या बाळांपेक्षा रात्री सरासरी चाळीस मिनिटे अधिक झोपत असल्याचे त्यात आढळले. कारण कळण्याजोगे आहे. प्रत्येक बाळ रात्री अनेकदा अर्धवट जागे होते. एकटे असल्यास ते छताकडे पाहून पुन्हा झोपते, आणि आई दिसल्यास तिला भेटल्याखेरीज झोपणे त्याला असभ्यपणाचे वाटते. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नोंदवली: एकाच खोलीत झोपणारी बाळे रात्री केव्हातरी आईवडिलांच्या अंथरुणात येऊन पोहोचण्याची शक्यता चौपट होती. कक्षसहवास आणि शय्यासहवास यांतील अंतर पुस्तकात एका प्रकरणाचे असले, तरी पहाटे चार वाजता ते दोन फुटांचे असते, आणि दमलेला हात ते नकळत ओलांडतो. अकॅडमीच्या शिफारशीवर वाद झाला तो येथेच, कारण सुरक्षिततेसाठी जवळ ठेवलेले बाळ त्या जवळिकीमुळेच कमी सुरक्षित जागी येते. तरीही पहिल्या सहा महिन्यांत, जेव्हा धोका सर्वाधिक आणि भूक दर दोन-तीन तासांची असते, तेव्हा चाळीस मिनिटांसाठी बाळाला भिंतीपलीकडे पाठवणे हा सौदा तोट्याचाच म्हणावा लागेल. सहा महिन्यांनंतर तराजू झुकतो, आणि ज्यांच्याकडे खरोखर खोली आहे त्यांनी हा बदल आठव्या-नवव्या महिन्याआधी उरकणे बरे. त्या वयात आई नजरेआड होणे बाळाला प्रथमच भयंकर वाटू लागते आणि स्थलांतराचा मुहूर्त साफ चुकतो.

खोली असणाऱ्यांचीही अवस्था फारशी स्पृहणीय नसते. न्यू जर्सीतील मराठी दांपत्य बाळाची खोली सातव्या महिन्यातच रंगवून ठेवते, भिंतीवर ढग आणि हत्ती काढते, आणि मग त्याच खोलीतील प्रत्येक हुंकार स्वतःच्या उशाशी आणण्यासाठी बेबी मॉनिटर नावाचे यंत्र विकत घेते. बाळ दूर गेलेले असते, परंतु त्याचा आवाज आता मूळ आवाजाहून मोठा होऊन येतो, आणि पडद्यावरील करड्या चित्रात ते हलते आहे की नाही हे पाहण्यात उभयतांची रात्र सरते. पुढे बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी आलेल्या आजीला तीच खोली मिळते; ढग आणि हत्ती यांच्या सान्निध्यात ती स्वस्थ झोपते, बाळ आईवडिलांच्या खोलीत परतते, आणि यंत्र चार्जिंगला लावलेले राहते.

डोंबिवलीत यंत्राची गरज पडत नाही. तेथे स्वतंत्र खोलीचा सिद्धांत वेगळ्या रीतीने आणि कोणताही ठराव न होता अमलात येतो. तिसऱ्या महिन्यात केव्हातरी वडिलांना सकाळी लोकल पकडायची असते म्हणून "आज तुम्ही बाहेर झोपा, निदान एकाची तरी झोप होऊ दे," असे त्यांना सांगितले जाते, आणि ते दिवाणखान्यातील दिवाणावर, खुर्चीवर आधीच येऊन राहिलेल्या स्वतःच्या कपड्यांशेजारी झोपतात. त्या रात्री त्यांची झोप खरोखरच होते. त्यामुळे दुसऱ्या रात्री कोणी काही विचारत नाही. बालसंगोपनाच्या पुस्तकांनी बाळासाठी सुचवलेले बहुतेक लाभ, म्हणजे सलग झोप, स्वावलंबन, अर्धवट जाग आल्यास छताकडे पाहून पुन्हा झोपणे, हे सारे वडिलांच्या बाबतीत तंतोतंत खरे ठरतात. आई मात्र एका फुटाच्या वाटेपलीकडे सव्वादोनला उठत राहते, आणि तिच्या झोपेचा समावेश कोणत्याच खोलीच्या हिशेबात होत नाही. यावर सांगितला जाणारा तोडगा, म्हणजे रात्र दोघांत वाटून घेणे आणि एका वेळचे काढून ठेवलेले दूध वडिलांनी पाजणे, व्यवहार्य आहे. फक्त त्यासाठी दिवाणावरील माणसाला कोणीतरी उठवावे लागते, आणि ते कामही आईकडेच येते.

पुढे बाळ सव्वा वर्षाचे होते, कॉट मोडून शेजाऱ्यांना दिली जाते, कपाटाचे दार उघडते आणि वडील आपली उशी घेऊन शयनगृहात परततात. तेव्हा पाच फूट रुंदीच्या पलंगावर एका कडेला आई असते, आणि उरलेल्या जागेत बाळ बरोबर आडवे झोपलेले असते, डोके आईच्या बरगडीला लावून आणि दोन्ही पाय वडिलांच्या जागेवर ताणून.